डिझेल गाडीत पेट्रोल : किल्ली फिरवण्याआधी

समजा, पन्नास लिटरच्या टाकीत दहा लिटर डिझेल शिल्लक आहे आणि पंपावर चुकून वीस लिटर पेट्रोल ओतलं गेलं. पावतीवर ‘डिझेल’ऐवजी ‘पेट्रोल’ दिसतं आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. पण गाडी बंद असेल, तर ते पेट्रोल अजून फक्त टाकीत आहे. नुकसान ते पुढे गेल्यावर सुरू होतं.

पेट्रोलची नळी डिझेलच्या नळीपेक्षा सहसा बारीक असते. ती डिझेल गाडीच्या तोंडात सहज जाते, त्यामुळे चूक तिथेच अडत नाही.

आजच्या कॉमन रेल इंजिनात हाय प्रेशर पंप डिझेलवर दीड-दोन हजार बारपर्यंत दाब देतो. या पंपाच्या आतल्या भागांना वंगण मिळतं ते त्याच डिझेलचं. वेगळं ऑइल बहुतेक पंपांत नसतंच. पेट्रोलला तसा तेलकटपणा नाही, उलट ते डिझेलचा थर पातळ करतं. मग धातूवर धातू घासतो आणि बारीक चुरा सुटतो. तो इंजेक्टरच्या केसाहूनही बारीक फटींत अडकतो आणि परतीच्या नळीतून पुन्हा टाकीत येतो.

म्हणून नुसती किल्ली ‘ऑन’ करणंही टाळायचं. अनेक गाड्यांत तेवढ्यानेच टाकीतला विजेवरचा पंप चालू होऊन इंधन पुढे ढकलतो. बटणाच्या गाडीत ब्रेक न दाबता बटण दाबलं तरी हेच होऊ शकतं. गाडी न्यूट्रलला टाकून ढकलत बाजूला घ्यावी. ऑटोमॅटिक असेल तर टोइंगवाल्याला बोलवावं.

या टप्प्यावर काम सोपं असतं. मेकॅनिक टाकी पूर्ण रिकामी करतो, थोड्या डिझेलने धुतो आणि नवं डिझेल भरतो. पेट्रोलची वाफ चटकन पेट घेते, म्हणून हे काम गॅरेजमध्येच व्हावं. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढणं तर जिवावर बेतू शकतं.

गाडी चालवली गेली असेल, तर ती सुरुवातीला नळ्यांत उरलेल्या डिझेलवर नीट धावते. मग इंजिन ठोके देतं, ओढ कमी होते, धूर येतो आणि गाडी बंद पडते. अशा वेळी डिझेल फिल्टर कापून पाहायला सांगावं. आत चकाकणारा चुरा दिसला, तर पंप, रेल, इंजेक्टर बदलून टाकी आणि नळ्याही साफ कराव्या लागतात. हा खर्च लाखाच्या पुढे सहज जातो.

‘वरून डिझेल भरा, मिसळून जाईल’ असा सल्ला पंपावर हमखास मिळतो. जुन्या इंजिनांनी थोडी भेसळ सोसली असेल, कॉमन रेल सोसत नाही. तो सल्ला ऐकू नका; पावती जपून ठेवा, पंपाच्या व्यवस्थापकाकडून चूक लिहून घ्या आणि टाकी रिकामी होईपर्यंत किल्लीला हात लावू नका.