एक पोस्ट, दोन प्रोफाइल : सामायिक आकड्यांचा अर्थ

वैद्य आणि औषधविक्रेते यांनी मिळून आरोग्यविषयक माहिती समाजमाध्यमावर देण्याची पद्धत आता रुळली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये इन्स्टाग्रामने त्यासाठी सहयोगी पोस्टची सोय सुरू केली. अशी पोस्ट दोघांच्याही प्रोफाइलवर दिसते. तथापि, तिच्या दोन प्रती निघतात हा समज बरोबर नाही. पोस्ट एकच असते. ती दोन ठिकाणांहून दिसते, इतकेच.

निमंत्रण व स्वीकृती

पोस्ट तयार करताना प्रसिद्ध करण्यापूर्वी Tag people या पर्यायात जावे व तेथील निमंत्रणाच्या पर्यायातून (Invite collaborators) दुसऱ्याचे खाते निवडावे. समोरच्यास सूचना जाते. त्याने निमंत्रण स्वीकारल्यावर पोस्टच्या शिरोभागी दोन्ही नावे दिसू लागतात व ती त्याच्या प्रोफाइलवरही येते. स्वीकृतीपर्यंत पोस्ट केवळ निमंत्रकाच्या प्रोफाइलवर असते. 'त्यांच्याकडे दिसत नाही' या तक्रारीचे कारण बहुधा हेच असते. शिरोभागी एकच नाव असेल, तर निमंत्रण अद्याप प्रलंबित आहे असे समजावे. केवळ टॅग करणे व सहयोगी होणे यांत हाच भेद आहे.

आकड्यांचे गणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका वैद्यांचे १,२०० फॉलोअर आहेत व एका औषधी दुकानाचे ३,५००. शरद ऋतूतील पथ्यापथ्यावरील रील वैद्यांनी टाकली व दुकानदारांनी निमंत्रण स्वीकारले. काही दिवसांनी वैद्यांच्या प्रोफाइलवर २६० लाइक दिसतात. दुकानाच्या प्रोफाइलवरही २६०च दिसतात. हे दोन्ही आकडे मिळून ५२० होत नाहीत, कारण मोजणी एकाच पोस्टची आहे. एका व्यक्तीचे लाइक, ते कोणत्याही प्रोफाइलवरून दिलेले असो, एकदाच धरले जाते. कॉमेंटही एकाच सूचीत जमतात. म्हणून दुकानाच्या ग्राहकाने विचारलेली शंका वैद्यांच्या रुग्णांनाही दिसते.

फॉलोअरांची बेरीज करतानाही सावध असावे. समजा, ४०० जण दोघांचेही फॉलोअर आहेत. तर एकूण व्यक्ती ४,७०० नसून ४,३०० होतात. व्ह्यूजचा आकडा याहून वेगळा आहे. एकाच व्यक्तीने रील तीनदा पाहिली, तर ते तीन व्ह्यूज होतात. म्हणून ६,००० व्ह्यूज म्हणजे ६,००० माणसे नव्हेत. किती निराळ्या खात्यांपर्यंत पोस्ट पोचली, हे पाहावयाचे असल्यास पोस्टच्या Insights मधील पोच दर्शविणारा आकडा पाहावा. जाहिरातीचा मोबदला व्ह्यूजवर ठरवीत असाल, तर हा भेद आधीच स्पष्ट करून घ्यावा; आणि दोन्ही प्रोफाइलांचे आकडे स्वतंत्र दाखवून कोणी बेरीज मांडल्यास ती मान्य करू नये.

मालकी कोणाची?

आकडे सामायिक असले, तरी पोस्ट मूळ टाकणाऱ्याचीच राहते. तिचा मजकूर बदलणे किंवा ती काढून टाकणे त्याच्याच हाती असते. वरील उदाहरणात वैद्यांनी रील काढली, तर ती दुकानाच्या प्रोफाइलवरूनही जाते व लाइक-कॉमेंटही जातात. उलट दुकानदार सहयोगातून बाहेर पडले, तर केवळ त्यांच्या प्रोफाइलवरून ती नाहीशी होते. वैद्यांकडे ती जमलेल्या आकड्यांसह राहते. यास्तव ज्यास माहिती दीर्घकाळ जपावयाची आहे व जो तिच्या शास्त्रीय बाजूस उत्तरदायी आहे, त्यानेच मूळ पोस्ट टाकावी. व्हिडिओची मूळ फाइल मात्र दोघांनीही आपल्याजवळ ठेवावी.

स्वीकारण्यापूर्वी

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आपल्या व्यवसायाशी निगडित आहे. समजा, दुकानाने 'या चूर्णाने मधुमेह समूळ बरा होतो' अशी पोस्ट टाकली व वैद्यांनी न वाचता निमंत्रण स्वीकारले. आता तो दावा वैद्यांच्या नावाखाली, त्यांच्याच रुग्णांसमोर उभा राहतो. आणि त्यातील शब्द दुरुस्त करण्याचा अधिकार त्यांना नसतो. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ यात ज्या रोगांविषयी असे दावे वर्ज्य आहेत, त्यांच्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे. शिवाय तेथील निषेध जाहिरात प्रसिद्ध करण्यात कोणत्याही प्रकारे भाग घेण्यास लागू होतो. अशा वेळी तत्काळ सहयोगातून बाहेर पडावे व मूळ पोस्ट काढण्यास लेखी कळवावे. केवळ बाहेर पडल्याने ती नष्ट होत नाही.

तसेच सहयोगी म्हणून नाव झळकणे म्हणजे आर्थिक संबंध जाहीर करणे नव्हे. मोबदला घेतला असल्यास सशुल्क भागीदारीची स्वतंत्र खूण लावावी.

निमंत्रण आल्यावर रील अखेरपर्यंत पाहावी, खालील मजकूर पूर्ण वाचावा, कॉमेंटमधील औषधविषयक प्रश्नांना उत्तर कोण देणार हे ठरवावे, आणि मगच स्वीकृती द्यावी.