नाव पुसले तरी ओळ जुळायला हवी

नववीच्या एका वर्गात 42 मुले आहेत, असे समजू. गणिताच्या पहिल्या आणि दुसऱ्या सत्राचे गुण वेगवेगळ्या तक्त्यांत आहेत आणि ते बाहेरच्या अभ्यासकाकडे पाठवायचे आहेत. नाव व हजेरी क्रमांकाचे रकाने नुसते पुसले, तर वर्गाची सरासरी निघेल. पण पहिल्या सत्रात 31 गुण मिळवणारी मुलगी दुसऱ्यात पुढे गेली की मागे पडली, ते समजणार नाही.

त्यासाठी प्रत्येक मुलाला एक सांकेतिक क्रमांक देतात, दोन्ही तक्त्यांत तोच. मूळ ओळख म्हणून मात्र हजेरी क्रमांक धरू नये. तो दरवर्षी बदलतो, त्यामुळे आठवीचा 12 आणि नववीचा 12 ही दोन वेगळी मुले असू शकतात. जनरल रजिस्टरचा नंबर त्या शाळेत कायम राहतो. जुळवणी त्यावर करावी.

क्रमांकाचे गणिती रूपांतर करून संकेत बनवण्याचा मोह होतो. 2014 साली न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या फेऱ्यांची माहिती अशीच खुली झाली होती. परवाना क्रमांक MD5 पद्धतीने बदललेले होते, पण शक्य असलेले क्रमांक मोजकेच असल्याने ते सगळे त्याच पद्धतीतून काढून पाहताच मूळ क्रमांक उघड झाले. शाळेचे रजिस्टर तर त्याहून कितीतरी लहान. म्हणून संकेताचा मूळ क्रमांकाशी कसलाही संबंध नसावा.

स्प्रेडशीटमध्ये हे सहज जमते. रजिस्टर नंबरांच्या यादीशेजारी `RAND()` चा रकाना भरावा, त्यातली सूत्रे काढून फक्त आकडे ठेवावेत, त्यानुसार यादी लावावी आणि मग 1 ते 42 संकेत द्यावेत. ही किल्ली-यादी. तिच्यावरून `VLOOKUP` ने दोन्ही तक्त्यांत संकेत आणावेत. पाठवायची फाइल नवी करावी, तिच्यात फक्त संकेत आणि गुण चिकटवावेत व ओळी संकेताच्या क्रमाने लावाव्यात. ओळी हजेरीच्याच क्रमात राहिल्या, तर वर्गातला कोणीही बोट ठेवून नाव सांगेल. जुन्या फाइलमधले लपवलेले रकानेही असेच घात करतात.

पाठवण्यापूर्वी दोन्ही तक्त्यांची सरासरी मूळ तक्त्यांशी ताडून पाहावी आणि किती संकेत दोन्हीकडे आहेत ते मोजावे. 42 ऐवजी 39 जुळले, तर तीन मुले खरोखरच मध्ये शाळा सोडून गेली, की कोणी ‘१०७’ आणि ‘107’ असे दोन्ही प्रकारे लिहिले, ते शोधावे. गैरहजर मुलाच्या गुणांची जागा रिकामी ठेवावी. शून्य घातले की सरासरी खोटी ठरते.

एवढे करूनही गुणच ओळख सांगू शकतात. वर्गात 100 गुण एकालाच असतील, तर ते कोणाचे हे गावाला माहीत असते, आणि त्या ओळीवरून त्याचे दुसऱ्या सत्राचे गुणही कळतात. त्यामुळे अशा तक्त्याला निनावी म्हणता येत नाही. तो ठरलेल्या अभ्यासकालाच द्यावा, जाहीर करू नये, आणि किल्ली-यादी शाळेतच कुलपात ठेवावी.