एका भोकाला एक थेंब

यंत्र तेच, बिया त्याच, ग्राइंडरचा आकडाही तोच. १८ ग्रॅम पूड घालायची आणि कपात ३६ ग्रॅम कॉफी उतरली की थांबायचं. यंत्राबरोबर आलेल्या बास्केटमध्ये याला २८ सेकंद लागायचे. नवी ‘प्रिसिजन’ बास्केट बसवली आणि १९ सेकंदांत काम संपलं. चव आंबट आणि पाणचट. पैसे पाण्यात गेले म्हणून थोडा वेळ चडफडलो, मग दोन्ही बास्केट धुऊन पुसून खिडकीच्या उजेडासमोर धरल्या.

बास्केट म्हणजे पोर्टाफिल्टरच्या, त्या दांड्याच्या, कड्यात बसणारी स्टीलची वाटी. तिच्या तळाला बारीक भोकं असतात. तिच्यात पूड भरून टॅम्परनं दाबली की एक घट्ट वडी तयार होते. कॉफीवाले तिला पक म्हणतात. वरून साधारण ९ बार दाबानं गरम पाणी येतं, वडीतून झिरपतं आणि तळाच्या भोकांतून कपात पडतं. (घरगुती यंत्रांबरोबर पुष्कळदा दुहेरी तळाची बास्केट येते. तिच्या बाहेरच्या तळाला एकच भोक असतं आणि दाब तेच धरून ठेवतं. ती जात वेगळी, इथे तिचा विचार नाही.)

उजेडात फरक लगेच दिसला. जुन्या बास्केटची भोकं म्हणजे गर्दीतली माणसं, कुणी जाड कुणी बारीक. काही लख्ख चमकत होती, काही मिणमिणत होती, दोन-तीन तर चंद्रकोरीसारखी अर्धवट बुजलेली. आणि सगळी तळाच्या मधल्या भागात गोळा झालेली, कडेला रुंद कोरी पट्टी. नव्या बास्केटची भोकं एकसारखी, जवळजवळ कडेपर्यंत पोचलेली. २०१० च्या सुमारास अमेरिकेतल्या व्हीएसटी या कंपनीनं अशा बास्केट बाजारात आणल्या. प्रत्येक बास्केटच्या भोकांची छायाचित्रं काढून मोजमाप तपासायचं, ही त्यांची पद्धत. पुढे इटलीतल्या आयएमएससारख्या कंपन्याही या धंद्यात उतरल्या.

मग पाणी भराभर का गेलं? नव्या बास्केटची भोकं मोठी असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण जरा हिशेब करू. समजा तळाला ७०० भोकं आहेत. कपात ३६ ग्रॅम कॉफी येते, म्हणजे एका भोकाच्या वाट्याला सुमारे ०.०५ ग्रॅम. हा जेमतेम एक थेंब! २८ सेकंदांत एक थेंब सोडायला ०.३ मिलिमीटरच्या भोकाला काहीच कष्ट नाहीत. रिकामी बास्केट लावून पाणी सोडलं तर ते धो धो पडतं. पाणी अडवते ती वडी, भोक नव्हे.

गडबड होते ती भोकाच्या तोंडाशी. कॉफी कितीही चांगली दळली तरी तिच्यात पिठासारखा भुगा असतो. पाण्याबरोबर त्यातला काही खाली सरकतो आणि तळाशी साचतो. बारीक भोकाच्या तोंडावर दोन-चार कण बसले की ते जवळजवळ बंद. शेजारचं मोठं भोक मात्र उघडंच राहतं आणि भुगाही कपात सोडतं. ०.३० ऐवजी ०.३६ मिलिमीटर व्यासाचं भोक डोळ्याला वेगळं वाटणारही नाही, पण त्याचं तोंड क्षेत्रफळानं ४४ टक्के मोठं असतं. असं झालं की वडीच्या तळाला काही दारं उघडी, काही बंद. पाणी उघड्या दारांकडे वळतं, तिथली कॉफी जास्त धुतली जाते आणि बंद दारावरची कच्ची राहते. एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही का लागतं, याचं एक कारण हे.

नव्या बास्केटमध्ये उघडी तोंडं जास्त, म्हणून तळाशी होणारा अडथळा कमी झाला. तो भरून काढायला कॉफी आणखी बारीक दळावी लागते. मी दोन खाचा बारीक केलं आणि वेळ पुन्हा २७ सेकंदांवर आला. बारीक दळलेल्या पुडीतून पाणी समान गेलं तर अर्कही जास्त उतरतो. या बास्केटचा खरा फायदा हाच.

आता ती कोरी पट्टी. वडीचा व्यास ५८ मिलिमीटर आणि भोकांचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं धरू. कडेला फक्त ४ मिलिमीटरची पट्टी उरते, किरकोळ वाटते. पण क्षेत्रफळ काढलं तर वडीचा पाव भाग, नेमका सांगायचा तर २६ टक्के, या पट्टीवर उभा आहे. तिथून सरळ खाली येणाऱ्या पाण्याला वाटच नाही. ते आत वळतं, मधल्या भोकांकडे जातं आणि तळाच्या कोपऱ्यातली पूड नुसती ओली होऊन राहते.

भिंतीचा आकार इथेच आडवा येतो. जुन्या धाटणीच्या बास्केटची भिंत बहुधा खाली निमुळती होते, त्यामुळे वडीचा तळ माथ्यापेक्षा लहान असतो आणि खालच्या थरांतून पाण्याला वेगानं जावं लागतं. एका कपाच्या लहान बास्केटमध्ये तर हे टोकाला गेलेलं असतं. ती नरसाळ्यासारखी असते, म्हणून तिच्यात शॉट जमवणं सर्वांत अवघड. सरळ भिंतीच्या बास्केटमध्ये वडी वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीची राहते आणि भोकांनाही कडेपर्यंत जायला जागा मिळते.

पण सरळ भिंत चुका पोटात घालत नाही. निमुळत्या भिंतीत वडी दाबताना पाचरीसारखी घट्ट बसते. सरळ भिंतीत तशी बसत नाही आणि गुळगुळीत स्टीलला टेकलेले दाणे तसेही आतल्यांइतके दाट रचले जात नाहीत. माझी नेमकी इथेच फसगत झाली. नव्या बास्केटचा आतला व्यास साडेअठ्ठावन्न मिलिमीटरच्या वर होता आणि माझा टॅम्पर जुना, बरोबर ५८ चा. म्हणजे भोवताली पाव मिलिमीटरहून जास्त रुंदीची सैल पुडीची कड न दाबताच राहत होती. बिनतळाचा पोर्टाफिल्टर लावून खालून पाहिलं तर पहिले थेंब कडेला फुटले, मध्य कोरडाच. दहाव्या सेकंदाला कडेच्या एका जागी कॉफी फिकट पिवळी झाली आणि एक बारीक चिळकांडी थेट माझ्या शर्टावर आली. घड्याळ २७ सेकंदच दाखवत होतं. नुसत्या वेळेवर विसंबलो असतो तर काही कळलंच नसतं. ५८.५ चा टॅम्पर घेतल्यावर चिळकांडी थांबली.

पूड किती घालायची, यालाही मर्यादा आहे. १८ ग्रॅमची बास्केट १७ ते १९ ग्रॅमसाठी बनलेली असते. २१ ग्रॅम कोंबले तर फुगलेली वडी वरच्या जाळीला भिडते आणि पाणी नीट पसरायच्या आत आत शिरू लागतं.

जुनी बास्केट मी टाकलेली नाही. दुकानातून दळून आणलेली पूड नव्या बास्केटमधून १२ सेकंदांत वाहून जाते. पाहुणे आले, दुधाचीच कॉफी करायची असली की जुनीच लावतो. नवीला मात्र आठवड्यातून एकदा कॉफीयंत्राच्या पावडरीत भिजवतो आणि मोबाइलच्या टॉर्चवर धरून बुजलेलं भोक शोधतो. सापडलं तर पुन्हा भिजवतो. घरात कुणीतरी एकदा मदत म्हणून टाचणी घेऊन आलं होतं, तेव्हा बास्केट हातातून काढूनच घेतली.