‘बघते’ नको, वेळ सांगा

समजा, दोघी जावा घरून दिवाळीचा फराळ विकतात. ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, चौकशा इन्स्टाग्रामवर. सकाळी 10 ते 2 दोघींचे हात पिठातेलात असतात. ‘10 मिनिटांत उत्तर’ असा नियम त्यांनी केला, तर पहिला घाणा तळून होण्याआधीच तो मोडेल.

त्यापेक्षा फोन हातात घेण्याच्या वेळा ठरवाव्यात: सकाळी 9, दुपारी अडीच, संध्याकाळी 7. दिवसातलं सर्वांत मोठं अंतर साडेपाच तासांचं आहे. म्हणून शब्द द्यायचा तो 6 तासांचा, आणि रात्री आलेल्या निरोपाला सकाळी 10 पर्यंतचा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ‘अवे मेसेज’ वेळ लावून ठेवता येतो: ‘नमस्कार! आत्ता तळणीचं काम सुरू आहे. दुपारी 3 पर्यंत नक्की उत्तर देतो.’ हा निरोप म्हणजे उत्तर नव्हे. 3 ची वेळ पाळावीच लागते. इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाचा निरोप बरेचदा ‘रिक्वेस्ट’मध्ये जाऊन पडतो, तेही रोज उघडून पाहावं.

फोन हाती आला की आधी तक्रारी, मग आजच्या ऑर्डरीतले बदल, शेवटी भावाची चौकशी. भाव विचारणारा थोडा थांबतो. पण पोस्टखाली कुणी ‘चकल्या मऊ निघाल्या’ असं लिहिलं, तर ते पुढचं प्रत्येक गिऱ्हाईक वाचतं. ती कमेंट पुसू नये आणि ‘बाकीच्यांना तर आवडल्या’ असा वादही घालू नये. तिथंच लिहावं: ‘ताई, चकली मऊ निघाली, माफ करा. डबा कोणत्या तारखेचा आहे ते मेसेजमध्ये कळवाल का? आज संध्याकाळी 7 पर्यंत बदलून देण्याचं ठरवून सांगते.’ पत्ता, फोन नंबर, पैशांचा हिशोब मात्र खासगीत. प्रश्न मिटला की त्याच कमेंटखाली एक ओळ लिहावी, म्हणजे वाचणाऱ्यांना शेवटही कळतो.

आपुलकीचा सूर गोड शब्दांपेक्षा नेमकेपणातून येतो. समोरच्याचं वय माहीत नसेल तर ‘तुम्ही’च बरं. ‘किंमत इनबॉक्स केली आहे’ असं लिहिण्याऐवजी किंमत तिथंच सांगावी. ‘नाही जमणार’ म्हणताना पर्याय द्यावा: ‘शुक्रवारपर्यंत अनारसे होणार नाहीत, शंकरपाळे देऊ शकते.’ दोघींपैकी कोणीही लिहिलं तरी सूर एकच राहावा, म्हणून अशी पाच-सहा उत्तरं आधीच ‘क्विक रिप्लाय’मध्ये ठेवावीत; पाठवताना नाव आणि तपशील मात्र बदलावा.

खरी कसोटी लागते उत्तर हाती नसताना. पार्सल कुठं अडकलं ते कुरिअरवाल्यानं 7 पर्यंत सांगितलं नाही, तरी 7 ला लिहायचंच: ‘अजून कळलेलं नाही. उद्या 11 ला पुन्हा विचारून सांगते.’ पार्सल अजून वाटेतच असतं, पण गिऱ्हाइकाला फोन करून विचारावं लागत नाही.