चित्राखालची ओळ
लेखमाला : वर्गातलं नवं यंत्र – भाग ६

शाळेची कुठलीही प्रकल्पवही उघडा, चित्राखाली बहुतेक वेळा दोनच शब्द सापडतात : ‘सौजन्य : इंटरनेट’. चित्र कुणी काढलं, कधी काढलं, नेमकं कुठलं आहे, यातलं काहीच त्या दोन शब्दांत नसतं. तरी आपण सगळ्यांनी ते चालवून घेतलं, कारण इंटरनेटवरून उतरवलेला फोटो निदान कुठल्यातरी खऱ्या जागेचा असायचा. एआयने तयार केलेल्या चित्राला तेवढाही आधार नसतो. त्यातली जागा कुठेच नसते. म्हणून या भागात मी फक्त चित्राखालच्या ओळीबद्दल लिहिणार आहे. ती कशी लिहिली म्हणजे प्रामाणिक, आणि कुठे कितीही प्रामाणिक ओळ लिहिली तरी चित्र वहीत चालायलाच नको, हे पाहायचं आहे.

उदाहरण बीड जिल्ह्यातल्या नेकनूरचं घेऊ. नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणीचा विषय आहे आणि त्यात आपल्या भागातल्या पाण्याचा अभ्यास करायचा असतो. समजा, नेकनूरच्या एका मुलीने बीडची खजाना बावडी हा विषय निवडला. निवड उत्तम आहे. नेकनूरहून मांजरसुंब्यामार्गे बीडला जाताना, शहराच्या पाच-सहा किलोमीटर अलीकडे ही विहीर लागते. निजामशाहीच्या काळात, १५८२ च्या सुमारास, बीडचा जहागीरदार सलाबत खान याने ती बांधवून घेतली, आणि तिचा रचनाकार म्हणून राजा भास्कर याचं नाव सांगितलं जातं. विहीर गोल आहे. तिला जमिनीखालून तीन भुयारं आहेत. दोन भुयारांतून पाणी आत येतं आणि तिसऱ्यातून ते बाहेर शेतीकडे जातं. दुष्काळातही तिची पातळी हलत नाही, अशी तिची ख्याती आहे.

मुलीने मोबाइलवर लिहिलं, ‘बीडमधील खजाना बावडी, जुनी ऐतिहासिक पायविहीर’. काही सेकंदांत देखणं चित्र आलं : पिवळसर दगड, चौकोनी तोंड, चारही बाजूंनी खाली उतरणाऱ्या सारख्या पायऱ्यांच्या रांगा, तळाशी निळं पाणी. हे चित्र बीडचं नाही. ते राजस्थानातल्या आभानेरीच्या चांद बावडीच्या घराण्यातलं आहे. असं का होतं, ते समजून घ्यायला हवं. चित्र बनवणारी यंत्रणा शब्दांशी जोडलेल्या असंख्य चित्रांवरून शिकलेली असते. ‘बावडी’ किंवा ‘पायविहीर’ म्हटल्यावर त्या साठ्यात राजस्थान-गुजरातचीच छायाचित्रं जास्त असणार, कारण पर्यटक तिथे जातात. बीडच्या विहिरीची छायाचित्रं त्यामानाने मूठभर. म्हणून यंत्रणा मूठभरांना बाजूला सारून नेहमीचं रूप काढते. चूक ओळखायची खूण सोपी आहे : दिलेल्या सूचनेतून गावाचं नाव काढून टाकलं तरी चित्र तसंच राहिलं असतं का? राहिलं असतं, तर त्या चित्राला त्या गावाची माहितीच नाही.

आता या चित्राखाली मुलीने ‘हे चित्र एआयने तयार केले आहे’ असं लिहिलं, तर ते प्रामाणिक झालं का? माझ्या मते नाही. वाक्य खरं आहे, पण वाचणारा एवढंच समजतो की विहीर अशीच आहे, फक्त चित्र यंत्राने काढलंय. फसगत जशीच्या तशी राहते. चित्र कशाने काढलं हे सांगणं ही अर्धी कबुली झाली. त्यातलं काय खरं आणि काय यंत्राने मनाने घातलं, हे सांगितलं की ती पुरी होते. या चित्राच्या बाबतीत पुरी कबुली लिहायला बसलं तर ‘यातलं काहीच खजाना बावडीचं नाही’ असं लिहावं लागेल, आणि मग ते चित्र वहीत ठेवायचं कारणच उरत नाही. एसटीने जाऊन मोबाइलवर काढलेला एक साधा, थोडा तिरका फोटो त्याच्यापेक्षा मोलाचा.

पण याच प्रकल्पात एक जागा अशी आहे जिथे फोटो काढताच येत नाही : जमिनीखालची भुयारं. विहीर उभी कापून दाखवली तरच पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते कळेल. हा छेद हाताने काढता आला तर उत्तमच. तो यंत्राकडून काढून घ्यायलाही मी हरकत घेणार नाही, पण मग तपासणी मुलीची. भुयारं मोजायची. तीनच्या जागी चार किंवा पाच निघू शकतात. बाण पाहायचे. तिन्ही बाण आत वळलेले असतील तर पाणी बाहेर जातच नाही. देवनागरी नावं अक्षर अक्षर वाचायची, कारण जोडाक्षरं अजूनही मोडतात. एवढं दुरुस्त करून घेतलं की खालची ओळ अशी लिहिता येईल :

‘आकृती २. खजाना बावडीचा उभा छेद. हे कल्पनाचित्र आहे, छायाचित्र नाही. जेमिनी वापरून १४ डिसेंबर रोजी तयार केले. दिलेली सूचना पान ११ वर जशीच्या तशी लिहिली आहे. दोन भुयारांतून पाणी येते व एकातून जाते ही माहिती मी वाचून घेतली आहे (पान ४). भुयारांची रुंदी, खोली व उतार चित्रात आले आहेत, पण ते मोजलेले नाहीत; ते खरे मानू नयेत.’

ही ओळ लांब आहे, पण नवं लिखाण त्यात थोडंच आहे. साधनाचं नाव, तारीख आणि सूचना या तीन गोष्टी नोंद ठेवली असेल तर नुसत्या उतरवायच्या असतात. खरी मेहनत शेवटच्या दोन वाक्यांची. ती लिहिताना मुलीला स्वतःलाच ठरवावं लागतं की आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही.

हे माझ्या मनाचे नियम नाहीत. पुण्या-मुंबईच्या काही शाळा ज्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाला जोडलेल्या आहेत, तो चालवणाऱ्या आयबी मंडळाने एआयवर बंदी घातली नाही. मात्र एआयकडून घेतलेल्या मजकुराचा उल्लेख तो वापरला त्याच जागी आणि शेवटच्या संदर्भसूचीतही हवा, सोबत दिलेली सूचना आणि तारीख हवी, आणि चित्रांनाही हेच लागू, असं त्यांनी लिहून ठेवलं. ब्रिटनमधल्या परीक्षा मंडळांच्या संयुक्त परिषदेने २०२३ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं : विद्यार्थ्याने सूचना आणि आलेलं उत्तर बदलता येणार नाही अशा रूपात, म्हणजे स्क्रीनशॉट काढून, जपून ठेवावं आणि ते कसं वापरलं हे थोडक्यात लिहावं. नेकनूरच्या शाळेला हे दोन्ही नियम एका पानाच्या सूचनेत बसवता येतील.

‘त्याच जागी’ या शब्दांवर माझा फार भर आहे, आणि त्याला आपल्याकडचं एक कारण आहे. तयार केलेल्या चित्रांवर यंत्रं हल्ली स्वतःच खुणा ठेवतात. जेमिनीच्या चित्राच्या कोपऱ्यात छोटी चांदणी दिसते, आणि काही साधनं फाइलच्या आत ‘हे तयार केलेलं चित्र आहे’ अशी न दिसणारी नोंद लिहितात. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती-तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून अशा चित्रांवर ओळखचिन्ह लावण्याची जबाबदारी समाजमाध्यमांवर आणि सेवा देणाऱ्यांवर टाकली. पण आपल्या मुलीच्या चित्राचा प्रवास पाहा. ते मोबाइलवर तयार होतं, व्हॉट्सअॅपवर झेरॉक्सच्या दुकानात जातं, दुकानदार ते पानात बसावं म्हणून कडा कापतो, छापतो, आणि मुलगी ते डिंकाने वहीत चिकटवते. साध्या फोटोसारखं व्हॉट्सअॅपवरून पाठवलं की फाइलमधली नोंद गळून पडते. कडा कापली की चांदणी जाते. कागदावर आल्यावर यंत्राची एकही खूण डोळ्यांना दिसत नाही. या सगळ्या प्रवासानंतर वाचणाऱ्याला दिसते ती फक्त चित्राखाली पेनाने लिहिलेली ओळ.

आता दुसरी बाजू. त्याच मुलीने आपल्या भागातल्या पाणीटंचाईवर एक पान लिहिलं आणि टँकरपाशी घागरी घेऊन उभ्या बायकांचं चित्र तयार करून लावलं, खाली एआयचा उल्लेखही केला. हे मला मान्य नाही, आणि इथे ओळ कितीही चांगली लिहिली तरी मान्य नाही. ‘आमच्या भागात टँकरवर रांग लागते’ हे निरीक्षण आहे आणि चित्र त्याचा पुरावा म्हणून लावलं आहे. न पाहिलेल्या रांगेचं चित्र हा पुरावा होऊच शकत नाही. बारकाईने पाहिलं तर टँकरच्या नंबरप्लेटवर बीडच्या एमएच २३ ऐवजी अर्थ नसलेली अक्षरं दिसतीलही, पण अशा खुणांवर विसंबू नये. यंत्रं दर काही महिन्यांनी सुधारतात. टँकर आला नसेल, हिवाळा असेल, तर फोटोची जागा रिकामी सोडावी आणि आजीला किंवा शेजारच्या काकूंना विचारून त्यांचं सांगणं तारखेसह लिहावं. तो खरा पुरावा आहे.

मधल्या पट्ट्यातला घोटाळा खऱ्या फोटोचाच असतो. मुलीने विहिरीवर फोटो काढला, त्यात पाण्यावर तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. मोबाइलमध्ये बोट फिरवलं की बाटल्या पुसल्या जातात आणि त्या जागी यंत्र स्वच्छ पाणी भरतं. फोटो मग छान दिसतो, पण जलसुरक्षेच्या वहीत त्या बाटल्या हाच तर निष्कर्ष होता. उजेड वाढवणं, तिरका फोटो सरळ करणं, कडा कापणं याची नोंद करायची गरज मला वाटत नाही. फोटोतली वस्तू गेली किंवा नवी आली, तर ते तयार केलेलं चित्र झालं आणि त्याला वरचेच नियम लागले.

शिक्षकांना शंका आली तर काय करावं? चित्र ओळखून देणाऱ्या संकेतस्थळांच्या निकालावर मुलीला दोषी धरू नये. ती खऱ्या फोटोलाही खोटं ठरवतात. गुण मिळेपर्यंत मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका, एवढं वर्गात आधीच सांगून ठेवावं. मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ आणि मोबाइलचं मॉडेल असतं. ती नसेल तर मुलीशी बोलावं : कुठे उभी होतीस, पाठीमागे काय होतं, सोबत कोण आलं होतं. जाऊन आलेलं पोर या प्रश्नांवर थांबता थांबत नाही.

आणि गुणांचा प्रश्न. ‘एआय’ असं लिहिलेलं दिसलं की काही जण दोन गुण कापतात, हे मी पाहिलं आहे. याने एकच गोष्ट होते : पुढच्या वेळी ती ओळच लिहिली जात नाही. ब्रिटनच्या नियमांत याची विभागणी नीट केली आहे. कबूल केलेला वापर हा गैरप्रकार नाही, पण जो भाग यंत्राने केला त्याचे गुणही विद्यार्थ्याला मिळत नाहीत. आपल्या वहीत हे असं लावता येईल. छेदाच्या चित्राच्या देखणेपणाला शून्य गुण. भुयारं मोजून चूक पकडल्याचे, सूचना तीनदा बदलल्याचे आणि ‘हे मोजलेले नाही’ असं लिहिल्याचे गुण मात्र पूर्ण द्यावेत. चित्रकलेच्या तासाला हा हिशेब चालणार नाही. तिथे हात चालवणं हाच विषय आहे, त्यामुळे तयार केलेलं चित्र ओळीसकट परत करावं आणि नवीन कागद द्यावा.