उपवासाची कढई वेगळी

एकादशीला लग्नघरी नाश्त्याला पोहे आणि साबुदाण्याची खिचडी दोन्ही असतील, तर खिचडी आधी करावी, तीही वेगळ्या कढईत. फोडणी तूप, जिरे आणि हिरव्या मिरचीची; मोहरी-हळद नाही. हिंगही टाळावा, कारण बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. दाण्याचा कूट मात्र हमखास फसवतो: रवा भाजलेल्या कढईतच दाणे भाजले जातात, किंवा डाळ्याची चटणी वाटलेल्या भांड्यात कूट होतो. इतके सांभाळूनही वाढताना पोह्यांचा डाव खिचडीत पडला, की उपवासकरी पाहुणा मुकाट्याने केळे मागतो. म्हणून खिचडीचे पातेले वेगळ्या टेबलावर, स्वतःच्या डावासह ठेवावे. जिरे-कोथिंबीर काही घरांत उपवासाला चालत नाही. ते आदल्या दिवशीच विचारावे.