‘शिकायलात रस’ कुणी म्हणतं का?

नोकरीच्या अर्जांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘आय अ‍ॅम इंटरेस्टेड इन टू लर्न न्यू थिंग्ज.’ लिहिणाऱ्याची शिकायची इच्छा खरी असते, स्पेलिंगही बरोबर असतं. चूक आहे ती ‘इन’ आणि ‘टू’ यांच्या शेजारात. तिथे ‘इंटरेस्टेड इन लर्निंग’ हवं. शाळेत याचं कारण सहसा एका ओळीत सांगून संपवतात: प्रेपोझिशननंतर क्रियापदाला ‘आयएनजी’ लागतं. नियम बरोबर आहे, पण असं का होतं हे कळलं नाही तर तो परीक्षेपुरताच टिकतो.

खरं तर हे ‘का’ मराठी माणसाला आधीपासून माहीत असतं. आपण ‘मला जर्मन शिकण्यात रस आहे’ असं म्हणतो. ‘शिक’ या धातूला ‘णे’ लागून ‘शिकणे’ हे नाम झालं. व्याकरणात याला धातुसाधित नाम म्हणतात. मग घराचं ‘घरात’ होतं तसं सामान्यरूप होऊन ‘शिकण्यात’ झालं. मराठीत क्रियापदाचं दुसरंही एक रूप आहे, ‘शिकायला’. ‘मी जर्मन शिकायला पुण्याला गेलो’ यात ते अगदी चपखल बसतं. पण ‘मला जर्मन शिकायलात रस आहे’ असं चार वर्षांचं पोरही म्हणणार नाही. ‘शिकायला’मध्ये ‘ला’ आधीच येऊन बसलेला असतो, त्याच्यावर आणखी ‘त’ चढवता येत नाही.

‘इन टू लर्न’ म्हणजे नेमकं हेच ‘शिकायलात’. इंग्रजीतला ‘टू’ हा मुळात प्रेपोझिशनच होता. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो क्रियापदाच्या आधी येई तेव्हा क्रियापदालाही नामासारखा विभक्तीचा प्रत्यय लागायचा. कालांतराने तो प्रत्यय झिजून गेला, ‘टू’चा मूळ अर्थ पुसट झाला आणि तो क्रियापदाची नुसती खूण म्हणून उरला. पण ‘इन’, ‘ऑफ’, ‘अ‍ॅट’, ‘विदाउट’ यांच्यापुढची जागा नामाची असते, आणि तिथे ‘टू’ घेऊन आलेलं क्रियापद चालत नाही. त्या जागी बसायचं तर क्रियापदाला नाम व्हावं लागतं. ‘लर्निंग’ हे ते नाम. इंग्रजी व्याकरणात त्याला जेरंड म्हणतात.

मग एवढं सोपं असूनही आपण का चुकतो? माझ्या मते दोष पाठांतराचा आहे. ‘टू लर्न म्हणजे शिकणे, टू गो म्हणजे जाणे’ असं आपण लहानपणी घोकलेलं असतं. पुढे ‘शिकण्यात’ असं मनात आलं की ‘त’साठी ‘इन’ आणि ‘शिकणे’साठी ‘टू लर्न’ अशी जोडणी आपोआप होते. ‘टू लर्न’च्या समोर त्याच वेळी ‘शिकायला’ही लिहून दिलं असतं, तर निम्म्या चुका झाल्याच नसत्या.

आता एक छोटा अर्ज तपासू. त्यात तीन वाक्यं आहेत: ‘आय अ‍ॅम इंटरेस्टेड इन टू लर्न अकाउंट्स. आय अ‍ॅम गुड अ‍ॅट टू हँडल कस्टमर्स. आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.’ पहिल्यात ‘इन’ आहे, म्हणून ‘लर्निंग अकाउंट्स’. दुसऱ्यात ‘अ‍ॅट’ आहे, म्हणून ‘हँडलिंग कस्टमर्स’. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘हँडलिंग’ नाम झालं तरी त्याने आपलं कर्म सोडलेलं नाही. ‘कस्टमर्स’ त्याच्यामागून तसेच चालत आले. मराठीतही ‘गिऱ्हाइकं सांभाळण्यात’ म्हणताना गिऱ्हाइकं जागच्या जागी राहतात.

तिसरं वाक्य मात्र भल्याभल्यांना फसवतं. तिथे ‘टू मीट’ चुकीचं आणि ‘टू मीटिंग’ बरोबर, कारण ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ क्रियापदाची खूण नसून अजूनही जिवंत प्रेपोझिशन आहे. हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे. ‘टू’च्या पुढे क्रियापदाऐवजी साधं नाम ठेवून पाहावं. ‘आय लुक फॉरवर्ड टू दिवाळी’ छान जमतं, म्हणून इथे ‘मीटिंग’. ‘आय वॉन्ट टू दिवाळी’ मात्र जमत नाही, म्हणून तिथे ‘वॉन्ट टू मीट’. याच कसोटीवर ‘यूज्ड टू’चं जुनं कोडं सुटतं. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू ट्रॅफिक’ चालतं, म्हणून ‘आय अ‍ॅम यूज्ड टू ड्रायव्हिंग इन ट्रॅफिक’, म्हणजे मला त्याची सवय आहे. ‘अ‍ॅम’ काढून टाकला तर ‘आय यूज्ड टू ड्राइव्ह’, म्हणजे पूर्वी चालवायचो. त्यात नाम बसत नाही आणि ‘आयएनजी’ही नाही. नियम नवा शिकलेली मंडळी उत्साहात ‘आय वॉन्ट टू लर्निंग’ लिहू लागतात, त्यांनाही हीच कसोटी आवरते.

मराठीचा आधार मात्र सगळीकडे पुरत नाही. ‘विदाउट आस्किंग’साठी आपण ‘न विचारता’ म्हणतो आणि ‘आफ्टर फिनिशिंग’साठी ‘संपवल्यावर’. त्यात ‘णे’ कुठे दिसत नाही. अशा ठिकाणी मराठीकडे न पाहता इंग्रजी शब्दावरच नजर ठेवावी: ‘विदाउट’ आहे, तर पुढे नाम हवं.

‘इन’ गाळून नुसतं ‘इंटरेस्टेड टू लर्न’ म्हटलं तर? तेही इंग्रजीत आहे, पण बहुधा वेगळ्या अर्थाने. ‘आय वॉज इंटरेस्टेड टू लर्न दॅट शी प्लेज द सतार’ याचा अर्थ, ती सतार वाजवते हे कळलं आणि मला त्याचं कुतूहल वाटलं. इथे ‘लर्न’ म्हणजे शिकणं नव्हे, समजणं. ‘इंटरेस्टेड टू हिअर’, ‘इंटरेस्टेड टू नो’ हे त्याच घरातले. सतार स्वतः शिकायची असेल तर ‘इंटरेस्टेड इन लर्निंग द सतार’. ‘आय वुड बी इंटरेस्टेड टू ट्राय’ असं इच्छेच्या अर्थानेही लोक बोलतात आणि ते चूक म्हणता येणार नाही. पण अर्जात ‘इन’ आणि ‘आयएनजी’ची जोडी अधिक खात्रीची.

अपवाद थोडे आहेत. ‘ही इज अबाउट टू लीव्ह’ म्हणजे तो निघण्याच्या बेतात आहे. इथे ‘अबाउट’ प्रेपोझिशनचं काम करतच नाही, त्यामुळे ‘टू’ला मज्जाव नाही. ‘बट’ आणि ‘एक्सेप्ट’ यांचीही रीत निराळी: ‘ही डिड नथिंग बट कम्प्लेन’.

लिहून झालेला अर्ज पाठवण्यापूर्वी त्यातले ‘टू’ एकदा शोधून काढा आणि प्रत्येकाच्या आधीचा शब्द पाहा. तिथे ‘इन’, ‘ऑफ’, ‘अ‍ॅट’, ‘फॉर’ किंवा ‘विदाउट’ सापडला आणि ‘टू’नंतर क्रियापद असलं, तर बहुतेक वेळा ‘टू’ खोडून ‘आयएनजी’ लावायचं आहे. बहुतेक म्हणण्याचं कारण असं की ‘शी केम इन टू सी मी’ हे वाक्य निर्दोष आहे. त्यातला ‘इन’ ‘केम’ला चिकटलेला आहे, ती आत आली एवढंच तो सांगतो. त्याला हात लावू नका.